पाटीवरच्या पहिल्या दोन जागा

आमच्या आदिलाबादेत मी लोकांची जीएसटीची विवरणपत्रं भरून देतो. काम असं आहे की त्यात कुणी मला दाद देत नाही, आणि चुकलं तर सगळ्यांना माझं नाव आठवतं. आजा दुसऱ्याच्या शेतात राबला, बाप मास्तर झाला, आणि मी दिवसभर पंधरा अक्षरांचे नंबर वाचतो. घराण्याची प्रगती कुठल्या दिशेनं चालली आहे हे मी स्वतःला विचारत नाही.

त्या पंधरा अक्षरांतल्या पहिल्या दोन आकड्यांवरून आमच्या घरात आठ-दहा दिवस जो तंटा चालला, त्याची ही आठवण.

माझी थोरली बहीण अंगणवाडीतून निवृत्त झाली, आणि पंधरा दिवसांत घरातल्या सगळ्यांना कंटाळली. तिची मुलगी पैनगंगेच्या पल्याड दिली आहे, पाटणबोरीच्या बाजूला. नदीवरचा पूल ओलांडला की महाराष्ट्र. त्या मुलीची सासू म्हणजे ताईची विहीण. आमच्याकडे बोलताना ईनबाई म्हणतात. लग्नात मानाच्या साडीवरून या दोघींचं बिनसलं होतं, आणि मग बरेच दिवस दोघी एकमेकींशी फक्त मुलांच्या मार्फत बोलत. "तुह्या सासूले सांग", "तुह्या आईले सांग", असा सगळा राजनैतिक व्यवहार.

तो व्यवहार मोडला काळ्या मसाल्यानं. पोरीच्या डोहाळजेवणाला ईनबाईंनी केलेली आमटी ताईनं खाल्ली आणि तिसऱ्या घासाला थेट विचारलं, "ईनबाई, दगडफूल किती टाकता?"

ईनबाई म्हणाल्या, "ते सांगत नसतो आमी. तुमी या, दाखवतो."

ताई गेली, पाहून आली. मग ईनबाई आल्या. मग दर आठवड्याला एसटीनं येऊ लागल्या, पिशवीत धने, खोबरं आणि घरच्या मिरच्या घेऊन. ताईनं पुढच्या खोलीत मसाल्याची छोटी गिरणी बसवली. भाजायचं काम ईनबाईंचं, दळायचं ताईचं. दुपारभर दोघी ठसकत, शिंकत आणि गावच्या सुनांबद्दल बोलत. मी आयुष्यात दोन माणसं इतकी सुखी पाहिलेली नाहीत, आणि तीही मिरचीच्या धुरात.

मग यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मोठ्या किराणा दुकानदारानं मसाला चाखला आणि माल मागितला. त्यानं एकच अट घातली: जीएसटी नंबर असलेलं बिल पाहिजे. त्याचं म्हणणं बरोबर होतं. शिवाय नंबर लागणारच होता, कारण मसाल्यावर कर आहे आणि असा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायचा तर धंदा कितीही लहान असो, नोंदणी करावीच लागते. आमच्या भागात दुसरं राज्य म्हणजे सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येण्याची जागा. पण कायद्याला नदी दिसते, जेवण दिसत नाही.

मी दोघींच्या भागीदारीचा दस्त करून घेतला, भागीदारीचं पॅन काढलं, दोघींचे फोटो आणि आधार जोडले, धंद्याच्या जागेचा पुरावा म्हणून ताईच्या घराचं वीजबिल लावलं आणि अर्ज टाकला. फोटोत ईनबाई अशा बघत होत्या की जणू कॅमेऱ्यानंच साडी कमी प्रतीची आणली आहे.

नंबर आला. मी प्रमाणपत्र छापून ताईकडे नेलं. तो ईनबाईंचा दिवस होता. कढईत तीळ तडतडत होते. ताईनं हात पुसून कागद घेतला, आधी दिव्याजवळ ठेवला, मग परत उचलून ईनबाईंना दिला. ईनबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. वाचताना बोट लावून वाचतात, आणि आकडा दिसला की तोंडानं म्हणतात.

"छत्तीस," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

पुढची तेरा अक्षरं त्यांनी वाचलीच नाहीत. झारा कढईत ठेवला. गॅस बंद केला.

"मामा," त्या मला म्हणाल्या. त्यांच्या सुनेचा मामा, म्हणून मी सगळ्यांचा मामा. "हे काय आणलं तुमी?"

"नंबर."

"छत्तीसचा आकडा आणला. दोन ईनींच्या मधात."

ज्यांना मराठीची सवय नाही त्यांना हे सांगावं लागेल. आमच्या लिपीत तीन आणि सहा शेजारी लिहिले की ते एकमेकांकडे पाठ करून बसतात. म्हणून ज्यांचं पटत नाही त्यांचा छत्तीसचा आकडा. सगळ्या भारतात तेलंगणच्या नंबरला घाबरेल असा माणूस शोधायचा तर तो ही लिपी वाचणाराच असणार, आणि तो आमच्याच घरात निघाला.

मी समजावायला बसलो. हा माझा जुना दोष आहे. मी म्हणालो, "ईनबाई, पहिले दोन आकडे म्हणजे राज्य. धंद्याची जागा ज्या राज्यात, त्या राज्याचा आकडा. तेलंगणचा छत्तीस, महाराष्ट्राचा सत्तावीस. पुढची दहा अक्षरं तुमच्या पॅनची. मग या राज्यात या पॅनवरची ही कितवी नोंदणी, तो आकडा. मग झेड, आणि शेवटचं अक्षर ताळा पाहायला. यात तुमचा-ताईचा काही संबंध नाही."

"मग छत्तीसच काऊन?"

"जनगणनेची यादी आहे. काश्मीरपासून सुरू होते, खाली खाली येते, अंदमानला पस्तीसवर संपायची. आपलं राज्य नंतर झालं, म्हणून रांगेत मागं उभं राह्यलं. पस्तीसच्या पुढं छत्तीस."

"म्हणजे मागून आलेल्याले उरलेलं देल्लं," ईनबाई म्हणाल्या. "असंच असते. उरलेलं तेच असते जे कोणालेच नको."

"आंध्रला तर अठ्ठावीस होता, त्यांनाही आता सदतीस आहे."

"त्यायचं त्यायले. तुमी असं करा, सत्तावीसवाला घेऊन या. माह्या बाजूचा. सत्तावीस नक्षत्रं असतात. चांगला आकडा हाये."

"तो मिळत नाही. गिरणी इथं आहे ना."

"गाडीले मिळते. माह्या भाच्यानं फॅन्सी नंबर घेतला, जास्तीचे भरून."

"गाडीचंही राज्य बदलत नाही, ईनबाई. फक्त पुढचे आकडे निवडता येतात."

"मग गिरणी माह्या आंगणात न्या."

हे मात्र खरंच शक्य होतं. गिरणी पुलापलीकडं नेली, धंद्याची जागा तिथली दाखवली, तर तिकडे नवी नोंदणी करून सत्तावीस मिळाला असता. मी प्रामाणिकपणे तसं सांगितलं आणि बहिणीकडं पाहिलं. तिनं नुकतीच गिरणीसाठी विजेची वेगळी जोडणी घेतली होती. आयुष्यभर तिनं दुसऱ्याच्या हजेरीपटावर सही केली. ही पहिली जागा तिची होती. तिनं पदरानं गिरणीवरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

ईनबाईंना ते दिसलं असावं. "राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "पण मी सांगून ठेवतो. ते दोन आकडे ज्या दिवशी भिंतीवर चढतील, त्या दिवसापासून मी कढईले हात लावणार नाई. माही तुमची पुन्हा पाठ नको व्हायले."

आणि त्या दुपारच्या एसटीनं निघून गेल्या. तीळ तसेच राहिले, अर्धे भाजलेले.

आता पेच असा, की नोंदणी झालेल्या धंद्याच्या दारावरच्या पाटीवर नंबर लिहावाच लागतो. उद्घाटन तीन दिवसांवर आलेलं. पाटी रंगवायला माझ्या ओळखीचा तेलुगू पेंटर येणार होता. आणि मसाल्याचं माप ईनबाईंच्या डोक्यात होतं, कागदावर नव्हतं. त्या आल्या नाहीत तर दुकानदाराची पहिली मागणी कशीबशी, आधी तयार केलेल्या मालावर निघाली असती. त्यानंतर ताईकडं एक गिरणी आणि बरीचशी मिरची एवढंच उरलं असतं.

"ताई, हा वेडेपणा आहे," मी म्हणालो. "या गावातल्या प्रत्येक दुकानाचा नंबर छत्तीसनं सुरू होतो. कापडवाल्या दोन भावांचाही. ते एका ताटात जेवतात."

"ते तेलुगू आहेत," ताई म्हणाली. "त्यायच्यात छत्तीस म्हणजे फक्त छत्तीस."

हे मी वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पेंटर आला तेव्हा ताईनंच तोडगा काढला. पूर्ण नंबर लिही, म्हणाली, पण पहिल्या दोन जागा मोकळ्या सोड. पेंटर माणूस सरळ. त्यानं कागद पाहिला, पाटी पाहिली, मला पाहिलं.

"सार, रेंडू खाली एंदुकु?" दोन रिकाम्या कशाला, असं त्यानं विचारलं.

"मुहूर्त नाही," मी म्हणालो. हे उत्तर आमच्या भागात कुठल्याही भाषेत चालतं. त्यानं मान डोलावली आणि दोन चौकोनांएवढी जागा सोडून पुढची तेरा अक्षरं पिवळ्या रंगात सुरेख काढली.

म्हणजे आमचं दुकान जगातलं एकमेव असं दुकान झालं, ज्याचं पॅन माहीत होतं, ताळ्याचं अक्षर माहीत होतं, पण जे कुठल्याच राज्यात नव्हतं.

उद्घाटनाला एक नेते आले. त्यांना बोलवायची कल्पना माझ्या मेव्हण्याची. नेते दीड तास उशिरा आले, त्यामुळे त्यांच्या मोठेपणाबद्दल कुणाला शंका उरली नाही. त्यांनी फीत कापली, पाटीवरचं कापड ओढलं, आणि बरोबर त्या दोन रिकाम्या जागांखाली उभं राहून हिंदीत भाषण केलं: एक देश, एक बाजार, एक कर, राज्यांच्या सीमा आता पुसल्या गेल्या आहेत. मी पाटीकडं पाहिलं. भाषणात आणि पाटीत इतका मेळ मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

ईनबाई आल्या होत्या. नात्याचा मान म्हणून आल्या, मागच्या खुर्चीवर बसल्या. पेढा घेतला. आधी पाटीकडं बघितलं, मोकळ्या जागा बघितल्या, आणि चेहऱ्यावरचा ताण जरासा उतरला. पण कढईकडं गेल्या नाहीत. जाताना ताईला म्हणाल्या, "डबे नि माही कढई नंतर नेतो. घाई नाई." ही घाई नाई फार वाईट असते. घाई असलेलं माणूस भांडतं. घाई नसलेलं माणूस सोडून देतं.

पुढं पाच-सहा दिवस ताईनं माझ्याशी या विषयावर एक शब्द काढला नाही. मीच काढत राहिलो. दोन्ही आकड्यांची बेरीज नऊच येते, तीन अधिक सहा आणि दोन अधिक सात, हेसुद्धा मी सांगून पाहिलं, आणि ज्या गोष्टीवर माझा काडीचा विश्वास नाही तिच्या आधारे दुसऱ्याला पटवण्याची लाज मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. ताई नुसती म्हणाली, "तू बिल कधी करशील?"

"शुक्रवारी माल जाणार आहे. सकाळी करतो."

"इथं येऊन कर. ईनबाई शुक्रवारी डबे न्यायले येऊन राह्यल्या. भागीदार हायेत. बिल त्यायनंबी पाहायले पाहिजे."

शुक्रवारी मी लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर घेऊन गेलो. पाकिटं खोक्यात भरलेली होती. ईनबाईंचे स्टीलचे डबे घासून, उलटे घालून ओट्यावर वाळत ठेवले होते. मधोमध कढई. ईनबाई आल्या, पाणी प्यायल्या, आणि डबे पिशवीत भरू लागल्या. कुणी कुणाकडं पाहत नव्हतं. मी बिलात माल लिहिला, दुकानदाराचं नाव, पत्ता, त्याचा नंबर. एका ओळीत कर आला.

"एकाच ओळीत काऊन?" ताईनं विचारलं. "तुह्या दुसऱ्या बिलात दोन ओळी असतात."

तिला हे माहीत होतं. महिन्यापूर्वी मीच सांगितलं होतं. पण मला शिकवायला आवडतं, म्हणून मी पुन्हा सांगितलं. "विकणारा आणि माल जायची जागा दोन्ही छत्तीसमध्ये असती, तर कराचे दोन भाग पडले असते, एक केंद्राचा, एक राज्याचा. पण इथं माल आपल्या छत्तीसमधून त्याच्या सत्तावीसमध्ये चालला. राज्य ओलांडलं की एकच, एकत्रित कर. पहिल्या दोन आकड्यांवरूनच कळतं."

"ईनबाई, जरा पाहता का," ताई म्हणाली. "सही करायच्या आधी. मले चष्मा सापडून नाई राह्यला."

चष्मा तिच्या डोक्यावर होता. मी तोंड उघडलं, ताईनं माझ्याकडं बघितलं, मी तोंड मिटलं.

ईनबाईंनी पिशवी खाली ठेवली. कागद घेतला. बोट लावलं. "विकणारा," त्या वाचू लागल्या, आणि आमचा नंबर आल्यावर ओठ आवळून म्हणाल्या, "छत्तीस." बोट खाली सरकलं. "घेणारा... सत्तावीस."

ईनबाईंना एक सवय आहे. दोन आकडे जवळ आले की त्यांची बेरीज झाल्याशिवाय राहत नाही. एसटीत बसल्या की पुढच्या गाडीच्या नंबरचे आकडे मिळवतात. त्या म्हणतात, डोकं गंजत नाई.

"छत्तीस नि सत्तावीस," त्या पुटपुटल्या. "सात नि सहा तेरा, हातचा एक..."

मग थांबल्या. बोट कागदावरच राहिलं.

"त्रेसष्ट."

ईनबाईंनी ओट्यावर सांडलेल्या मसाल्याच्या भुकटीत बोटानं आकडा काढला. ६३. सहा डावीकडं, तीन उजवीकडं. दोघं तोंडाला तोंड लावून बसलेले, जसे पारावर बसतात.

"ईनबाई," त्या ताईला म्हणाल्या, "हे तर बोलून राह्यले."

"कोण?"

"हे दोघं." त्यांनी बोट दाखवलं. "तुमचा छत्तीस नि माहा सत्तावीस मिळवला, तं तोंडं फिरली त्यायची."

ताई वाकून पाहू लागली, चष्म्याशिवाय, जिला चष्म्याशिवाय तांदळातला खडा दिसत नाही. "खरंच की वं," ती म्हणाली. "मले सुचलंच नसतं."

मी मध्ये बोलायला नको होतं, पण बोललो. "तसं पाहिलं तर राज्यांचे आकडे मिळवायचे नसतात. ते नुसते ओळखीसाठी..."

"मामा," ईनबाई म्हणाल्या, "तुमी बिल छापा."

मी छापलं. सहीची गरज एकीचीच होती, दोघींनी केली. ईनबाईंनी पिशवीतले डबे एकेक करून परत ओट्यावर मांडले, कढई गॅसवर चढवली आणि विचारलं, "ते तीळ कुठं हायेत, त्या दिवशीचे?"

"टाकले," ताई म्हणाली.

"काऊन टाकले? अर्धे भाजलेले तीळ परत भाजता येतात. तुमच्याकडं तेलंगणात काईच माहीत नाई लोकायले."

"तुमच्या महाराष्ट्रात दिलेली मानाची साडी कशी घ्यावी ते माहीत नाई."

मी दचकलो. एवढ्या दिवसांत ती साडी कुणी तोंडावर काढली नव्हती. ईनबाईंनी झारा उचलला, ताईकडं पाहिलं, आणि दोघी इतक्या हसल्या की खोबऱ्याचा पहिला घाणा करपला.

पेंटर दुसऱ्या दिवशी आला. ईनबाई मुक्कामाला थांबल्या होत्या, स्टुलाखाली उभ्या राहून त्यांनी जातीनं देखरेख केली. "छत्तीस काढा," त्या हिंदीत म्हणाल्या, "मोटा काढा." त्यानं माझ्याकडं पाहिलं. मुहूर्त लागला, मी म्हणालो. त्यानं ३ आणि ६ इंग्रजी वळणात काढले. नवा रंग जुन्यापेक्षा गडद आला, त्यामुळे आजही पाटीकडं पाहिलं की आधी ते दोनच आकडे दिसतात. आमचं दुकान तेलंगणात असल्याबद्दल कुणाच्या मनात शंका राहत नाही.

पुढं भैंशाच्या एका व्यापाऱ्यानं माल मागितला. तोही छत्तीस, आम्हीही छत्तीस. बिल करताना मला धास्ती होती. करापुढं दोन ओळी आल्या, केंद्राची आणि राज्याची, सारख्या. ईनबाईंनी बोट लावलं, बेरीज केली, बहात्तर आली, आणि त्या विचारात पडल्या.

"बहात्तर कसा आहे?" मी विचारलं.

"बरा हाये. दोन ओळी सारख्या हायेत ना? मग दोघी ईनींले बरोबर वाटणी." आणि त्या भाजायला निघून गेल्या. त्या दोन ओळी कुणाकुणाच्या असतात हे मी पुन्हा सांगितलं नाही. मीही शिकतो, फक्त सावकाश.

ताईला मी नंतर एकदा गाठलं. गिरणी बंद होती, ती पाकिटांना लेबल लावत होती. मी विचारलं, "त्रेसष्टचं तुला कधी कळलं?"

"नंबर आला त्याच दिवशी," ती म्हणाली. "तू तिकडं काश्मीर नि अंदमान सांगून राह्यला होता तवा."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? आठ दिवस माझ्या जिवाला घोर."

ताईनं लेबल बोटानं दाबून चिकटवलं. "मी सांगतलं असतं तं ते माहं झालं असतं. तिनं मानलं असतं, पण माहं म्हणून मानलं असतं. तिचं तिले सापडू द्यावं लागते." मग तिनं पाकीट खोक्यात ठेवलं आणि दुसरं उचललं. "दगडफुलाचं माप मले अजून सांगतलं नाई तिनं. तेबी तिचंच राहू दे. नाहीतर ती दर आठवड्याले काऊन येईल?"